पत्ता कुठला दिला होता?

पासवर्ड विसरला म्हणून ‘Forgot password’वर बोट ठेवलं की बहुतेक संकेतस्थळं एकच गुळमुळीत वाक्य दाखवतात: या ईमेलवर खातं असेल, तर आम्ही दुवा पाठवला आहे. हा गुळमुळीतपणा मुद्दाम ठेवलेला असतो. ‘असं खातं आमच्याकडे नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तर कोणीही हजारो पत्ते टाकून कोणाचं खातं कुठे आहे ते शोधून काढेल. पण त्यामुळे खऱ्या मालकाची पंचाईत होते. त्याने चुकीचा पत्ता टाकला तर चूक दाखवली जात नाही आणि मेलही येत नाही. माणूस इनबॉक्स बघतो, मग स्पॅम बघतो, नेटवर्कला नावं ठेवतो, पुन्हा बटण दाबतो. मेल मात्र मुळात निघालेलाच नसतो.

म्हणून हरवलेलं खातं परत मिळवताना पासवर्डचा प्रश्न नंतर येतो. नोंदणी करताना पत्ता कुठला दिला होता, हे आधी आठवावं लागतं. आपल्याकडे एकेका माणसाचे तीन-चार पत्ते सहज निघतात. एक कॉलेजच्या काळातला रेडिफमेलचा, एक कंपनीने दिलेला, एक स्वतःहून काढलेला जीमेलचा, आणि एक नवा मोबाइल घेताना दुकानातल्या मुलाने पटकन उघडून दिलेला. हा शेवटचा सगळ्यांत धोक्याचा. त्याचा पासवर्ड त्या मुलाने ठेवलेला असतो, तो कुठे लिहिलेला नसतो, आणि फोन चालू आहे तोवर कोणी तो विचारतही नाही. कंपनीच्या पत्त्याचीही तीच गत. नोकरी सुटली की त्या पेटीचं दार बंद होतं आणि तिथे नोंदवलेला विमा, रेल्वेचं खातं, फोटोंचा साठा असं सगळं आतच राहतं.

यावरची व्यवस्था साधी आहे, आणि ती फुकटात होते. दोन पेट्या ठेवायच्या. एक मूळ पेटी: बँक, विमा, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, डिमॅट आणि फार तर जवळचे नातेवाईक, एवढ्यांनाच माहीत असलेली. दुसरी नोंदणीची पेटी: दुकानं, तिकिटं, वर्तमानपत्रं, खेळ, कूपनं, ‘फक्त ईमेल द्या, दहा टक्के सूट मिळेल’ म्हणणारे, हे सगळे तिथे.

इथे बहुतेक लोक एक उलटं काम करतात. जुना पत्ता मूळ म्हणून ठेवतात, नवीन पत्ता नोंदणीसाठी काढतात आणि मग शंभर ठिकाणी जाऊन ईमेल बदलायला बसतात. दोन-तीन संध्याकाळी जातात आणि उत्साह संपतो. त्यापेक्षा जुना, सगळीकडे पसरलेला पत्ता आहे तसा नोंदणीसाठी राहू द्यावा. नवीन, कोणालाच माहीत नसलेला पत्ता मूळ म्हणून काढावा आणि महत्त्वाची आठ-दहा खातीच तिकडे हलवावीत. बँकेत ईमेल बदलण्याची खबर सहसा जुन्या पत्त्यावरही येते, म्हणून हलवाहलव पूर्ण होईपर्यंत दोन्ही पेट्या उघडता येत असल्या पाहिजेत. कंपनीच्या पत्त्यावर काही अडकलं असेल तर ते राजीनामा देण्याआधी सोडवायचं. नंतर आयटी विभागाची विनवणी करून फारसं काही हाती लागत नाही.

या विभागणीचा एक फायदा रोजच दिसतो. बँकेकडे मूळ पत्ता असेल आणि ‘तुमचं खाते गोठवलं आहे’ असा मेल नोंदणीच्या पेटीत आला, तर तो बनावट. त्यातलं बोधचिन्ह, भाषा, सही बघायचीही गरज नाही, कारण बँकेला तो पत्ता ठाऊकच नाही. उलट बाजूने मात्र ही खात्री मिळत नाही. मूळ पेटीत आला म्हणून मेल खरा, असं समजू नये.

आता उपपत्त्यांकडे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून काहीही शब्द जोडता येतो, आणि त्या पत्त्यावर आलेला मेल आपल्याच पेटीत पडतो. त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही, परवानगी लागत नाही. आउटलुकमध्येही ही सोय आहे. पुढचे पत्ते केवळ नमुन्याचे आहेत. जीमेल सहा अक्षरांहून छोटं नाव देत नाही, त्यामुळे ते कोणाचे असण्याची शक्यता नाही.

```
nond+veej@gmail.com
nond+rail@gmail.com
nond+pustak@gmail.com
```

तिन्ही पत्ते nond याच पेटीचे. वीजबिलाच्या संकेतस्थळाला पहिला द्यायचा, रेल्वेच्या तिकिटांना दुसरा, पुस्तकांच्या दुकानाला तिसरा. उद्या जमिनीच्या प्लॉटची जाहिरात nond+pustak वर आली, तर पत्ता कुठून बाहेर गेला ते लगेच कळतं. या गमतीचं कौतुक फार होतं, पण माझ्या मते ती दुय्यम आहे. पत्ते विकणारे अधिकचं चिन्ह आणि पुढचा शब्द सहज कापून टाकतात, आणि कापल्यावर खरा पत्ता उघडाच असतो. उपपत्त्याचा खरा उपयोग शोधाशोधीच्या वेळी होतो.

समजा, सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना बाई म्हणू. मुलगी पुण्यात असते. बाई एसटीने पुण्याला निघाल्या आणि वाटेत फोन गेला. दुसऱ्या दिवशी मुलीने आधी सिमकार्ड बंद करवलं, मग त्याच नंबरचं नवं घेतलं आणि घरातला एक जुना फोन त्यांना दिला.

बाईंना वाटलं, नंबर तोच आहे, म्हणजे ओटीपी येतील. पण ते येईनात. सिमकार्ड बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा २०२२पासूनचा नियम आहे. चोराने आपल्या नावावर सिम काढून खात्यांतले पैसे उडवू नयेत म्हणून तो केला. नियम शहाणपणाचा आहे, पण या चोवीस तासांत एसएमएसवर टेकलेला प्रत्येक मार्ग बंद असतो. पुष्टीसाठी गूगल फोनच्या पडद्यावर जो प्रश्न पाठवतं, तो हरवलेल्या फोनवर जातो. त्या दिवशी उघडते ती कागदावर लिहिलेली वाट. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘Backup codes’ नावाची सोय असते. तिथे आठ आकड्यांचे दहा संकेत मिळतात आणि एकेक संकेत एकदाच चालतो. बाईंनी ते मूळ पेटीसाठी काढून विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवले होते. घरी फोन करून एक संकेत वाचून घेतला, पासवर्डसोबत टाकला आणि मूळ पेटी उघडली.

नोंदणीच्या पेटीला त्यांनी मूळ पेटीच परतीचा पत्ता म्हणून दिली होती, त्यामुळे तिच्यासाठी आलेला पुष्टीचा संकेत मूळ पेटीत मिळाला. आता दोन्ही पेट्या हातात आल्या. राहिला प्रश्न, कुठेकुठे खाती आहेत आणि कुठल्या पत्त्यावर?

बाईंचा नेम होता की उपपत्त्यात नेहमी एकच शब्द आणि तो त्या सेवेचाच. वीज असेल तर veej, रेल्वे असेल तर rail. वर्ष नाही, आडनाव नाही, लहर नाही. त्यामुळे वीजबिलाच्या संकेतस्थळावर कुठला पत्ता टाकायचा हे त्यांना आठवावं लागलं नाही, तो नेमातूनच निघाला. शंका आली तिथे जीमेलच्या शोधपट्टीत त्यांनी एवढंच टाकलं:

```
to:nond+rail@gmail.com
```

जिथून जुनं तिकीट किंवा स्वागताचा मेल निघाला, तिथे खातं त्याच पत्त्यावर आहे हे पक्कं झालं. संध्याकाळपर्यंत सात-आठ खात्यांचे पासवर्ड बदलून झाले. मूळ पेटीतली बँकेची कामं मात्र त्यांनी एसएमएस सुरू होईपर्यंत थांबवली आणि फोन करून कार्ड तेवढं गोठवून घेतलं.

पुस्तकांच्या दुकानाने मात्र दमवलं. दुवा मागितला की ‘पाठवला आहे’ असं उत्तर, पण मेल नाही. nond+pustak टाकून झालं, नुसतं nond टाकून झालं. शेवटी जुन्या पावत्या शोधल्या. मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘to me’ असं लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूच्या बाणावर बोट ठेवलं की मेल नेमका कुठल्या पत्त्यावर आला ते दिसतं. तिथे निघालं nond+books. नेम ठरण्याआधीचं खातं होतं ते.

यातला धडा तांत्रिक आहे. nond, nond+pustak आणि nond+books ही एकच पेटी आहे, हे फक्त जीमेलला ठाऊक. दुकानाच्या लेखी ते तीन वेगळे ग्राहक आहेत. ठिपक्यांचंही तसंच. @gmail.com असलेल्या पत्त्यात जीमेल ठिपके मोजतच नाही, त्यामुळे नावात कुठेही ठिपका दिला तरी मेल पोहोचतो. दुकान मात्र प्रत्येक ठिपका मोजतं. एकदा ठिपक्यासह आणि एकदा ठिपक्याविना नोंदणी केली, तर दोन खाती होतात, आणि एकातल्या ऑर्डरी दुसऱ्यात दिसत नाहीत. (याच ठिपक्यांमुळे एकाच नावाच्या दुसऱ्या कोणाचे मेल आपल्याकडे येतात असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या माणसाने आपला पत्ता सांगताना चूक केलेली असते.)

‘Sign in with Google’ हे बटणही असाच घोळ घालतं. फोनवर दोन पेट्या असल्या की ते कोणती निवडायची असं विचारतं, आणि घाईत बोट दुसरीवर पडतं. संकेतस्थळ चूक दाखवत नाही. मुकाट्याने नवं, रिकामं खातं उघडून देतं. ‘माझी सगळी माहिती उडाली’ अशी तक्रार आली की आधी बाहेर पडून दुसऱ्या पेटीने शिरून बघावं. बहुतेकदा माहिती तिथेच सापडते.

अधिकच्या चिन्हाचे आणखी दोन त्रास आहेत. काही फॉर्म ते चिन्ह स्वीकारतच नाहीत आणि पत्ता अवैध आहे म्हणतात. हे परवडलं, निदान तिथल्या तिथे कळतं. दुसरा प्रकार वाईट. नोंदणीच्या वेळी पत्ता चालतो, पण पुढे पासवर्ड बदलण्याच्या दुव्यात तो नीट बसत नाही. वेबपत्त्यांमध्ये या चिन्हाचा अर्थ काही ठिकाणी रिकामी जागा असा लावला जातो, आणि nond+veejच्या जागी ‘nond veej’ पोहोचतं. दुवा उघडल्यावर पत्ता असा तुटलेला दिसला, तर चूक तुमची नाही, त्या संकेतस्थळाची आहे. म्हणून नोंदणी झाल्या झाल्या, खात्यात काही साठण्याआधीच, एकदा मुद्दाम बाहेर पडून पासवर्ड विसरल्याचं नाटक करावं. दुवा आला, उघडला, चालला, तर पुढे जावं. अडला तर तिथे साधा nond पत्ता द्यावा. रोज ज्याचं काम पडतं अशा खात्यासाठी हा पाच मिनिटांचा खटाटोप करण्यासारखा आहे, कूपनवाल्यांसाठी नाही.

दुसरी अडचण ग्राहकसेवेशी बोलताना येते. आपण तक्रार लिहितो, तिकडून उत्तर येतं की कृपया नोंदणीकृत ईमेलवरून लिहा. आपण nond वरून लिहिलेलं असतं आणि त्यांच्याकडे nond+veej असतं. जीमेल संगणकावर उघडून सेटिंग्जमधल्या ‘Accounts and Import’ विभागात ‘Send mail as’ इथे उपपत्ता जोडला, की पाठवणाऱ्याच्या जागी तो निवडता येतो. सगळे उपपत्ते जोडण्याची गरज नाही. ज्या सेवेशी भांडण्याची वेळ येऊ शकते तिचा जोडावा.

पत्ता खरोखरच लपवायचा असेल, तर वेगळ्या सेवा आहेत. ॲपलची ‘Hide My Email’, मोझिलाची फायरफॉक्स रिले, डकडकगोची @duck.com वाली, २०२२मध्ये प्रोटॉनने आपल्याकडे घेतलेली सिंपललॉगिन. या सेवा मधल्यामध्ये एक बनावट वाटणारा, पण चालणारा पत्ता देतात आणि आलेला मेल आपल्या पेटीत पुढे ढकलतात. त्रास झाला तर तो पत्ता बंद करता येतो. पण परत मिळवण्याच्या दृष्टीने इथे एक दुवा वाढतो. आपली पेटी शाबूत असली तरी मधल्या सेवेचं खातं गेलं, तर त्यावरची सगळी नोंदणी लटकते. शिवाय हे पत्ते सहसा अर्थहीन अक्षरांचे असतात, ते कुठल्याही नेमातून निघत नाहीत. वहीत किंवा पासवर्ड जपणाऱ्या ॲपमध्ये लिहिलेच पाहिजेत. दुकानासाठी ठीक. बँक, सरकारी काम आणि दुसऱ्या पेटीचा परतीचा पत्ता यांसाठी नको. सामान्य घरात दुसरी पेटी आणि अधिकचं चिन्ह एवढं पुरतं, असं माझं मत.

आता परतीच्या पत्त्याबद्दल, कारण खरी गफलत तिथे होते. नोंदणीच्या पेटीला मूळ पेटीचा आधार आणि मूळ पेटीला नोंदणीच्या पेटीचा, अशी जोडी लोक सहज लावून टाकतात. दोन्ही एकाच फोनवर उघड्या असतात तोवर सगळं छान चालतं. फोन गेला की दोन्ही एकमेकींकडे बोट दाखवतात. त्याहून विचित्र म्हणजे मूळ पेटीचा आधार म्हणून तिचाच उपपत्ता देणं. ती कपाटाची किल्ली कपाटातच ठेवल्यासारखी गोष्ट झाली. आधार एकाच दिशेने जावा. दुकानांचा आधार नोंदणीची पेटी, तिचा आधार मूळ पेटी, आणि मूळ पेटीचा आधार घराबाहेरचा: मुलीची पेटी, भावाची पेटी, शिवाय कागदावरचे ते दहा संकेत. बाईंच्या बाबतीत मूळ पेटीचा आधार मुलीचा पत्ता होता. संकेतांची फाइल सापडली नसती, तर पुष्टीचा मेल मुलीकडे मागण्याचा प्रयत्न तरी करता आला असता.

मोबाइल नंबर हाही आधारच, पण तो आपल्या मालकीचा नसतो. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर ९० दिवस कोणाला देता येत नाही. त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. परदेशी गेलेल्या मुलांचे इथले नंबर असेच जातात आणि त्या नंबरचे ओटीपी मग अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात. नंबर सोडण्याआधी दोन्ही पेट्यांतला नंबर बदलावा. गूगलमध्ये बदल केल्यावर पुढचे सात दिवस जुन्या नंबरवरही संकेत पाठवण्याचा पर्याय राहू शकतो, म्हणून जुनं सिम आठवडाभर तरी चालू ठेवलेलं बरं.

आणि एक गोष्ट या दोन पेट्यांच्या व्यवस्थेतूनच उद्भवते. मूळ पेटी जितकी शांत, तितकी ती उघडायची राहून जाते. दोन वर्षं वापर झाला नाही, तर गूगल वैयक्तिक खातं त्यातल्या मजकुरासह पुसू शकतं. हा नियम त्यांनी २०२३च्या मे महिन्यात जाहीर केला आणि डिसेंबरपासून लागू केला. मायक्रोसॉफ्टची मुदतही दोन वर्षांची आहे, याहूची एकाच वर्षाची. बाहेरून मेल येत राहणं म्हणजे वापर नव्हे. आत शिरून एखादा मेल वाचला वा पाठवला पाहिजे. पुसलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही, आपल्यालाही नाही. याहूने मात्र २०१३मध्ये बंद पडलेली नावं नव्या लोकांना वाटली होती, आणि जुन्या मालकांचे मेल त्यांच्या हाती पडू लागले होते.

आपली एखादी जुनी पेटी जिवंत आहे का, हे बघायला तिच्यात शिरावं लागत नाही. दुसऱ्या पत्त्यावरून तिला एक ओळ पाठवावी. ‘Address not found’ असं लिहिलेला मेल उलट आला, तर ती गेली. मग बँकेत, विम्यात, डिमॅटमध्ये कुठे तो पत्ता अजून नोंदलेला आहे का ते बघायचं आणि शाखेत जाऊन, ओळखपत्र दाखवून, अर्ज देऊन तो बदलायचा. काहीच उलट आलं नाही, तर पेटी बहुधा अजून आहे आणि आत शिरण्याची धडपड करण्यात अर्थ आहे. ती धडपड शक्यतो ज्या फोनवर आणि ज्या घरातल्या वायफायवर पूर्वी ती पेटी उघडली जायची तिथूनच करावी. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा यांना गूगल वजन देतं, आणि पुण्याच्या नव्या फोनवर अडलेलं काम सांगलीच्या जुन्या टॅबवर होऊन जाऊ शकतं.